ताईसाठी काढलेला पाचवा रकाना

कपाट आवरायला घेतलं की मी ते कधीच पुरं करत नाही. काहीतरी सापडतं आणि मी फरशीवर बसकण मारतो. मागच्या महिन्यात एका जुन्या कॅलेंडरचं पान सापडलं. पुढच्या बाजूला देवाचं चित्र, मागच्या बाजूला ताईच्या गोल, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात एक तक्ता. डावीकडे कामं एकाखाली एक: यादी बघणे, हजेरी भरणे, गुण भरणे, गुण तपासणे, दाखला काढणे, निकाल बंद करणे. वरती चार रकाने: शिक्षक, वर्ग समन्वयक, क्लार्क, मुख्याध्यापक. प्रत्येक चौकोनात एक बरोबरची खूण नाहीतर फुली. आणि अगदी उजव्या कडेला, जागा उरली नव्हती म्हणून चेपून, माझ्या किरट्या अक्षरात काढलेला पाचवा रकाना. त्याच्यावर लिहिलंय ‘मदतनीस’. खाली सगळ्या फुल्या, एकच बरोबर.

ते पान मी फाडणार होतो. फाडलं नाही. माझ्या हातून ताईचं जे नुकसान झालं त्याचा माझ्याच अक्षरातला तेवढा एक पुरावा आहे, आणि पुरावे पुसून टाकण्यात मी एकदा पुरेसं नाव कमावलं आहे.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत ती मराठी आणि इतिहास शिकवते. आठवीच्या पाचव्या तुकडीवर तिची नेमणूक. ती तुकडी विनाअनुदानित, म्हणजे सरकारच्या लेखी आठवीला चारच तुकड्या, पाचवी संस्थेनं आपल्या जबाबदारीवर काढलेली. तिथल्या बाईंचा पगार सरकार देत नाही आणि त्यांच्या पदाला मान्यताही नसते. तुकडी कधीतरी अनुदानावर येईल आणि मग मान्यता मिळेल, या एका वाक्यावर ताईनं पंधरा वर्षं काढली होती. त्या तुकडीवर नेमलेली ती एकटीच. शाळेतले बाकी सगळे मान्यताप्राप्त.

मी पुण्यात दहा वर्षं दुसऱ्यांच्या कंपन्यांत घासून, कंटाळून परत आलो होतो. सात रस्त्याजवळ एका गाळ्यात स्वतःचं सॉफ्टवेअरचं दुकान थाटलं होतं. दुकानच म्हणायचं, कारण गिऱ्हाईक यायचं ते झेरॉक्स निघते का विचारायला. तेव्हा ताईनंच मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे, माझं नाव टाकलं. शाळेला एक व्यवस्था हवी होती: हजेरी, गुण, निकाल, दाखले, शिक्षकांचं मस्टर, सगळं एका ठिकाणी. मला काम मिळालं. ताईला वाटलं, भावाचं बस्तान बसलं. मला वाटलं, मी शाळेवर उपकार करतोय.

अशा कामात सगळ्यात आधी ठरवायचं असतं ते हे की कोणाला काय करता यावं आणि काय करता येऊ नये. कोणाच्या नावावर काय बंद ठेवायचं हे ठरवणं उघडं ठेवण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. आमच्या धंद्यात याला रोल म्हणतात, मी शाळेत ‘भूमिका’ म्हणायचो, त्यावर स्टाफरूममध्ये हशा व्हायचा. स्नेहसंमेलन आहे का, म्हणून.

तो तक्ता आम्ही एका रविवारी सकाळी ताईच्या स्वयंपाकघरात केला. ती भाकरी थापत होती, मी ओट्याशेजारी स्टुलावर बसून प्रश्न विचारत होतो. पिठाचे हात झटकून ती मधेच पेन घ्यायची. शाळा तिला तळहातासारखी पाठ होती. मी चार दिवस ऑफिसात बसून जे शिकलो नसतो ते तिनं दोन तासांत सांगितलं.

“शिक्षकाला फक्त आपल्या तुकडीचे, आपल्या विषयाचे गुण भरू दे,” ती म्हणाली. “शेजारच्या तुकडीचे दिसायलासुद्धा नकोत. नाहीतर तुलना सुरू होते, आणि मग गुण फुगतात.”

“आणि समन्वयक?”

“त्यानं एका इयत्तेच्या सगळ्या तुकड्या बघायच्या. पण गुण बदलायचे नाहीत. चुकलंय असं वाटलं तर शेरा लिहून शिक्षकाकडे परत पाठवायचं. ज्यानं भरलं त्यानंच दुरुस्त करायचं, पण मंजूर त्यानं नाही करायचं.”

हे मला पुण्यात एका मोठ्या पगाराच्या माणसानं तीन बैठका घेऊन शिकवलं होतं: जो भरतो त्यानं मंजूर करायचं नाही. ताई भाकरी उलटता उलटता सांगून मोकळी झाली. क्लार्ककडे जनरल रजिस्टर आणि दाखले, पण गुणांना हात नाही. मोठ्या बाईंकडे निकाल बंद करणं आणि कारण लिहून पुन्हा उघडणं. एकाच माणसाकडे दोन भूमिका असू शकतात, हेही तिनंच सुचवलं. “आमचे पी.टी.चे सर बघ, वर्गशिक्षक पण आहेत आणि आठवीचे समन्वयक पण.”

पी.टी.चे सर आठवीचे समन्वयक होते ते कागदावर. आठवीचा सगळा कारभार ताई बघायची. कोणता मुलगा तीन दिवस आला नाही, कोणाच्या घरी तेलुगूशिवाय काही बोलत नाहीत म्हणून पालकसभेला आजीला बोलवायचं, कोणत्या दोन तुकड्यांत एकाच घरातली पोरं आहेत, हे सरांना ठाऊक नसायचं, आणि ते तसं मोकळेपणानं सांगायचेही. सर माणूस भला, फक्त मैदानातून आत यायला नाराज.

तक्ता पुरा झाल्यावर ताईनं तो लांब धरून बघितला.

“यात मी कुठं आहे रे?”

“तू? तुझा पगार संस्थेच्या खर्चातून, म्हणजे तू मेंटेनन्समध्ये,” मी म्हणालो. “गवंडी, प्लंबर आणि तू.”

ती हसली. मीही हसलो. शेंगाची चटणी आणि गरम भाकरी खाल्ली आणि मी पान गुंडाळून घरी गेलो. ते वाक्य मला आता कधीही, कुठेही आठवतं. दाढी करताना, सिग्नलला थांबलो असताना. आपण किती मजेदार आहोत या समजुतीत माणूस काय बोलून जातो.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या ऑफिसात बसलो. हेडक्लार्कना सगळी शाळा भाऊसाहेब म्हणायची. माळशिरसकडचा माणूस, तीस वर्षं शहरात राहून बोलणं गावचंच. रजिस्टरात एक खाडाखोड सापडणार नाही असं काम. मी त्यांना विचारलं की लॉगिन कोणाकोणाला द्यायचं.

“ज्याला स्टाफ नंबर हाय त्याला,” भाऊसाहेब म्हणाले. “नंबर न्हाय, तर लॉगिन न्हाय. लई साधं हाय की.”

“आणि तात्पुरते शिक्षक?”

“त्यांचंच तर सांगतोय. मागं एक सॉफ्टवेअर घेतलं हुतं. एक तासिकेवरचे सर मधेच सोडून गेले. त्यांचं लॉगिन तसंच उघडं ऱ्हायलं, आन् कुणीतरी त्याच्यातनं चाचणीचे गुण बदलले. कुणी बदलले ते अजून कळलं न्हाय. माणूसच जाग्यावर न्हाय, तर विचारायचं कुणाला?”

मुद्दा बिनतोड होता. शिवाय दुसरंही कारण होतं. शाळेची कर्मचारी यादी याच व्यवस्थेतून निघून वर जायची, आणि त्या यादीतली डोकी आणि मंजूर पदं जुळली नाहीत तर तपासणीत घोळ. मोठ्या बाईंनीही तेच सांगितलं. “यादीत मान्यता नसलेलं नाव दिसायला नको. ताईंबद्दल आम्हाला किती आदर आहे ते तुम्हाला सांगायला नको. पण यादी यादी असते.”

मी लगेच मान डोलावली. कर्मचाऱ्याच्या नोंदीत स्टाफ नंबरचा रकाना सक्तीचा केला. नंबर नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर भूमिका नाही. अगदी स्वच्छ, नीटनेटकं काम. मला स्वतःचा अभिमान वाटला.

आता कोणी मला विचारलं तर मी सांगेन की चूक तिथंच झाली. माणूस आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदाला मान्यता नसेल, पण माणूस रोज सकाळी सातला येऊन वर्गात उभा राहतोय. लॉगिन माणसाला द्यायचं असतं. मंजूर पदांची यादी हवी तर वेगळी काढायची, त्यात नंबर नसलेली नावं गाळायची. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण ज्या शाळेत प्रत्येकजण ‘कर्मचारी’ म्हणजे ‘मान्यता असलेला’ असंच धरून चालतो, तिथं मीही तसंच धरलं. आणि माझी सख्खी बहीण त्यातली नव्हती हे माहीत असून धरलं.

ताईचं काय करायचं, हा प्रश्न उरला. मी तिच्यासाठी पाचवा रकाना काढला: मदतनीस. कर्मचारी म्हणून नोंद नाही, फक्त एक लॉगिन. बघता सगळं येईल, भरता काहीच येणार नाही, त्यामुळे भाऊसाहेबांचीही हरकत राहिली नाही. आठवीच्या पाचव्या तुकडीचे वर्गशिक्षक म्हणून पी.टी.च्या सरांचं नाव घातलं.

“मला बघता तरी येईल ना पोरांची नावं?” ताईनं विचारलं.

“येईल की.”

“मग झालं.”

सरांनी आपला पासवर्ड पहिल्याच दिवशी तिच्या हातात ठेवला. “बाई, हजेरी आणि गुण तुम्हीच भरा, माझ्याच्यानं व्हायचं नाही.” ती रोज आपल्या वहीत हजेरी घ्यायची आणि मग सरांच्या नावानं आत जाऊन ती भरायची. मला हे कळलं होतं. पासवर्ड वाटून घेऊ नयेत यावर मी शाळेत एक तासाचं व्याख्यान दिलं होतं, तरी मी काही बोललो नाही. सोय होती.

जूनमध्ये व्यवस्था सुरू झाली. त्याच आठवड्यात ताईचा फोन आला.

“अरे, माझी सही कुठं करायची?”

पूर्वी शाळेत दोन मस्टरं असायची. एक जाड, मान्यताप्राप्त लोकांचं. एक पातळ, ताईचं. पंधरा वर्षं तिनं त्या पातळ वहीत एकटीनं सही केली होती. आता शिक्षकांनी शाळेतल्या कॉम्प्युटरवर येऊन ‘हजर’चं बटण दाबायचं होतं. जाड मस्टर बंद झालं. पातळ मस्टर बंद करा असं कोणी सांगितलं नव्हतं, पण जुनं भरलं आणि नवं कोणी आणलं नाही. भाऊसाहेबांनी तिला सांगितलं होतं, “आता सगळं कॉम्प्युटरवर हाय की बाई.” आणि कॉम्प्युटरवर तिला बटणच दिसत नव्हतं, कारण ते बटण स्टाफ नंबराला बांधलेलं होतं.

मी तेव्हा कुठल्यातरी पतसंस्थेच्या कामात होतो. घाईत होतो.

“तू रोज नुसतं लॉगिन कर,” मी म्हणालो. “कोण कधी आत आलं त्याची नोंद राहते. मिनिटासकट. सहीपेक्षा पक्की.”

“नक्की राहते ना?”

“अगं, मीच केलंय ना ते.”

पुढे त्या व्यवस्थेचं बरं चाललं. मोठ्या बाई खूश, भाऊसाहेब दाखल्यांवर खूश. पहिल्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी मात्र सगळं अडकलं. सर्व्हर म्हणजे ऑफिसातल्या कपाटाशेजारचा एक साधा कॉम्प्युटर होता. कोण आत आलं, कोणता पडदा उघडला, या नोंदींनीच त्याची जागा भरत आली होती. बाहेर पालक उन्हात उभे, आत निकालपत्रकं छापेनात. मी घाम पुसत बसलो आणि नव्वद दिवसांपूर्वीच्या सगळ्या नोंदी काढून टाकल्या. परत भानगड नको म्हणून रोज आपोआप तसंच व्हावं अशी एक ओळ लिहून ठेवली. एकच ओळ. निकाल छापले. मोठ्या बाईंनी मला ताक पाजलं. ताईला फोनवर काय सांगितलं होतं ते त्या वेळी माझ्या डोक्याच्या आसपासही नव्हतं.

आणखी दोन वर्षांनी तुकडी अनुदानावर आली.

ताईनं फोन केला तेव्हा ती रडत होती आणि हसत होती. घरी पेढे आले. ताईचा प्रस्ताव तयार व्हायला लागला: नेमणुकीचा आदेश, शिक्षणाची प्रमाणपत्रं, आणि सेवेत खंड नाही याचा पुरावा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचं मस्टर. तपासणीला येणारे अधिकारी आधी मस्टरच मागतात. खंड पडला असेल तर मागची वर्षं धरत नाहीत, तिथून पुढची नेमणूक नवी समजतात. ताईचं वय तेव्हा एक्कावन्न. तिच्या वयाला नव्या नेमणुकीला कोणी दार उघडत नाही.

पंधरा वर्षांची पातळ मस्टरं भाऊसाहेबांनी लाल फडक्यात बांधून ठेवली होती. ती निघाली. मग त्यांनी कॉम्प्युटरमधून शेवटच्या तीन वर्षांचं मस्टर छापलं आणि टेबलावर ठेवून बघत राहिले. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“ह्यात बाई कुटं हायत?”

नव्हत्याच. कशा असतील? मी त्यांना म्हणालो, थांबा, लॉगिनच्या नोंदी आहेत, त्या काढतो. मला अजूनही काही वाटलं नव्हतं. मी खुर्ची ओढली, ताईचं नाव घातलं, आणि पडद्यावर जे आलं ते सप्टेंबरच्या मधल्या एका दिवसापासून सुरू झालं. त्याच्या मागं काही नव्हतं. मी तारीख बदलली. पुन्हा बदलली. मग ती ओळ आठवली.

बॅकअप बघितले. ते सात दिवसांचे, आठव्या दिवशी पहिल्यावर लिहिले जाणारे, तेही मीच ठरवलेले. जे उरलं होतं ते नव्वद दिवसांचं होतं, त्यात दिवाळीची सुट्टी. उरलेला प्रत्येक दिवस मी खालपर्यंत वाचला. सात वाजून पाच मिनिटं. सात वाजून चार. सात वाजून सहा. शाळा सात वीसला भरते. ती रोज येऊन आत जायची, आपल्या तुकडीचं पान उघडायची आणि बाहेर पडायची. तिला तिथं करण्यासारखं काहीच नव्हतं. मी सांगितलं होतं म्हणून ती जायची.

भाऊसाहेब माझ्या खांद्यामागून बघत होते. “आन् आदीचं?”

“आधीचं मी काढून टाकलं.”

ते लाल फडकं परत बांधायला लागले.

ताईला मी तिच्या घरी जाऊन सांगितलं. तोच ओटा, तेच स्टूल. मी म्हणालो की घाबरू नकोस, व्यवस्था माझी आहे, आतल्या तक्त्यात मी थेट लिहू शकतो. तीन वर्षांचे शाळेचे दिवस माझ्याकडे आहेत. प्रत्येक दिवसापुढे तुझी हजेरी घालतो. कोणाला कळणार नाही.

“प्रत्येक दिवसापुढे?” तिनं विचारलं.

“हो.”

“आई गेली तेव्हा मी बारा दिवस गेले नव्हते. त्या दिवसांतही मला हजर दाखवशील?”

“ते वगळतो.”

“आणि मला डेंग्यू झाला होता ते दिवस? ते तुला माहितेयत?” ती पुढे म्हणाली, “मला तरी सगळे कुठे आठवतायत. अरे, मी खरंच गेलेय रे रोज. खरं होतं ते. आता तू लिहिलंस तर ते खोटं होईल.”

“पण ताई, त्याच्याशिवाय—”

“आठवीच्या पोरांचे गुण भरणाऱ्यानंच मंजूर करायचे नाहीत असं मीच तुला सांगितलं ना?” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. त्यानंच मी जास्त मेलो.

पी.टी.चे सर आले होते, त्याच संध्याकाळी, आपण होऊन. मैदानावरचे कपडे, गळ्यात शिट्टी. त्यांच्या नावानं भरलेल्या तीन वर्षांच्या हजेऱ्या आणि गुण ताईनं भरलेत असं लेखी द्यायला ते तयार होते. व्यवस्थेत त्या प्रत्येक नोंदीपुढे त्यांचं नाव होतं. ताई रोज शाळेत होती हे दाखवणारी ती एकमेव जागा. पण तसं लिहून देणं म्हणजे आपला पासवर्ड तीन वर्षं दुसऱ्याच्या हातात होता हे कबूल करणं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. ताईनं त्यांचा कागद वाचला, घडी घातली आणि त्यांच्याच खिशात ठेवला.

“सर, तुम्ही चहा घ्या,” ती म्हणाली.

तपासणीच्या दिवशी मी ती नव्वद दिवसांची यादी छापून घेऊन गेलो. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं चष्मा काढून यादी शेवटपर्यंत वाचली.

“ही ‘मदतनीस’ म्हणजे काय?” त्यानं विचारलं.

“ती शिक्षिकाच आहे,” मी म्हणालो. “ते नाव मी दिलेलं आहे.”

“शाळेच्या रेकॉर्डमध्ये तर तेच आहे. आणि ही हजेरी नव्हे. कोणी घरूनही आत येऊ शकतं की नाही?”

येऊ शकत होतं. मीच तशी सोय ठेवली होती, शिक्षकांना घरून गुण बघता यावेत म्हणून. मोठ्या बाईंनी स्वतःच्या सहीचं प्रमाणपत्र दिलं, की बाई अखंड सेवेत आहेत. अधिकाऱ्यानं ते फाइलीला लावलं. पण त्याला नोंद हवी होती, आणि नोंद नव्हती. दोन महिन्यांनी प्रस्ताव परत आला. सेवेत सातत्य सिद्ध होत नाही. ताई त्या तुकडीवर राहिली, पण आधीसारखीच संस्थेच्या पगारावर, मान्यतेशिवाय. वकील म्हणाला लढता येईल, पाच वर्षंही लागतील, सातही लागतील. ताईच्या निवृत्तीला सातच उरली होती.

त्या रात्री काय झालं ते मी लिहिणार नाही, कारण काहीच झालं नाही. मी तिच्याकडे गेलो, तिनं मला जेवायला वाढलं. मी जेवलो. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी तिचे उपकार मानले असते. लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हा तिनं मला चांगलं बदडलं होतं. आता तिला मला बदडावंसं वाटलं नाही, हे मला फार लागलं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी ती व्यवस्था उलगडून परत शिवली. लॉगिन माणसाला दिलं, पदाला वेगळा तक्ता केला. स्टाफ नंबरची सक्ती काढली, त्याऐवजी व्यवस्थाच प्रत्येकाला एक क्रमांक देते. मंजूर पदांची यादी गाळून निघते. ‘मदतनीस’ पुसून टाकलं. ‘शिक्षक, मान्यता प्रलंबित’ अशी भूमिका केली आणि तिला शिक्षकाचे सगळे हक्क दिले: हजेरी, गुण, स्वतःचं मस्टर. ताईला आठवीची समन्वयकही केलं. नोंदी काढून टाकणारी ती ओळ कायमची उडवली, नवी डिस्क माझ्या पदरची बसवली. भाऊसाहेबांनी काही आडकाठी केली नाही. “हेच आदी करायला पायजे हुतं,” एवढंच म्हणाले, आणि पुढे हळू आवाजात, “मीच म्हनलो हुतो, नंबर न्हाय तर लॉगिन न्हाय.” आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता काम करत राहिलो.

एकच गोष्ट मी करू शकलो नाही. मस्टरमध्ये मागच्या तारखेला हजेरी घालता येत नाही. या वेळी ते दार मी माझ्यासाठीही बंद केलं, आणि ते बंद असणंच बरोबर आहे.

शाळा उघडली त्या दिवशी मी मुद्दाम ऑफिसात जाऊन बसलो. सात वाजून पाच मिनिटांनी ताई आली. इस्त्रीची फिकट निळी साडी, खांद्याला तीच पिशवी. कॉम्प्युटरपाशी बसली, आपलं नाव घातलं. पडद्यावर पहिल्यांदा तिला ते बटण दिसलं. तिनं चष्मा नीट केला आणि बटण दाबलं.

मग ती बराच वेळ उठली नाही. मला वाटलं पुन्हा काहीतरी अडकलं. मी मागं जाऊन उभा राहिलो.

पडद्यावर तिचं नाव होतं. खाली ‘शिक्षक, मान्यता प्रलंबित’. त्याच्या खाली, मी सगळ्यांसाठीच ठेवलेली एक साधी ओळ होती: सेवेतील एकूण हजर दिवस. आणि त्याच्यापुढे आकडा: एक.

“बघ रे,” ताई म्हणाली. “नवीन बाई आल्यात शाळेत.”

ती हसायला लागली होती, पण ते तिला जमलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला. बाहेर पहिली घंटा झाली, तशी ती उठली, टेबलावरचा खडूचा डबा घेतला आणि आठवीच्या पाचव्या तुकडीवर गेली.